रंगवलेला घन, लगतची दोन पृष्ठं कोरी: दोन पृष्ठांना रंग असलेले घन 15 की 19?

अनघा_प

बुद्धिमत्ता चाचणीच्या सराव संचातला प्रश्न आहे, शब्द जसेच्या तसे देते:

"20 सेमी बाजू असलेल्या लाकडी घनाच्या लगतच्या दोन पृष्ठांना रंग दिला नाही. उरलेल्या चार पृष्ठांना निळा रंग दिला. नंतर त्याचे 4 सेमी बाजूचे समान घन कापले. तर फक्त दोन पृष्ठांना रंग असलेले घन किती?"

एका बाजूला 20 भागिले 4, म्हणजे 5 तुकडे, एकूण 125 घन. इथपर्यंत ठीक. मग कडा मोजल्या. ज्या कडेच्या दोन्ही अंगांना रंग आहे अशा कडा 5 भरतात. प्रत्येक कडेवर कोपरे सोडून 3 घन, म्हणून 15. उत्तरसूचीत मात्र 19 आहे. छपाईची चूक म्हणून सोडून द्यावं की माझं काही निसटतंय? मुलीला समजावून सांगायचं आहे, त्यामुळे नुसतं उत्तर नको, कारण हवं.

झटपट_गणित

ताई, 15 च बरोबर. पूर्ण रंगवलेल्या घनाची सूत्रं पाठ असली की असे प्रश्न अर्ध्या मिनिटात होतात. n = 5 साठी:

तीन पृष्ठं: 8
दोन पृष्ठं: 12(n−2) = 36
एक पृष्ठ: 6(n−2)² = 54
रंग नाही: (n−2)³ = 27

आता दोन पृष्ठं कोरी आहेत, तेवढं वजा करायचं. एका पृष्ठाच्या आतले 9, दोन पृष्ठांचे 18. म्हणून एक पृष्ठवाले 54 − 18 = 36, आणि ते 18 कोऱ्यांत जाऊन 27 + 18 = 45. कोऱ्या पृष्ठांना लागून 7 कडा आहेत, त्या गेल्या, 5 उरल्या, 5 × 3 = 15. तीन पृष्ठांचे कोपरे 2. सूचीतलं 19 चूक आहे.

रेघ_मारा

झटपट, तुमच्या चारही उत्तरांची बेरीज करून बघा. 36 + 15 + 2 + 45 = 98. घन आहेत 125. म्हणजे 27 घन कुठल्याच गटात नाहीत.

झटपट_गणित

ते 27 म्हणजे आतला गाभा, 3 × 3 × 3. त्यांना रंग नसतोच.

रेघ_मारा

गाभा तुम्ही 45 मध्ये आधीच धरला आहे: 27 + 18. आकडा योगायोगाने तोच आला, पण हरवलेले 27 निराळे आहेत आणि ते सगळे पृष्ठभागावरच आहेत. एकेक शोधू.

वरचं आणि पुढचं पृष्ठ कोरं धरा. तळ, मागचं, डावं, उजवं ही चार निळी. आता 12 कडांची वाटणी करा.

दोन्ही अंगांना रंग असलेल्या कडा 5: तळ-मागे, तळ-डावी, तळ-उजवी, मागे-डावी, मागे-उजवी. अनघाताईंनी याच मोजल्या.

दोन्ही अंगं कोरी अशी कडा 1: वरचं आणि पुढचं पृष्ठ जिथे मिळतात ती.

उरलेल्या 6 कडांचं एक अंग निळं आणि एक कोरं: वर-मागे, वर-डावी, वर-उजवी, पुढे-तळ, पुढे-डावी, पुढे-उजवी.

झटपट, तुम्ही 7 कडा "गेल्या" म्हणून काढून टाकल्यात. कडा जात नाही. तिच्यावरचे घन तिथेच असतात, फक्त त्यांच्यावरचा रंग कमी होतो. त्या 6 कडांवरचे 18 घन आता एका पृष्ठाला रंग असलेल्या गटात येतात. दोन्ही अंगं कोरी असलेल्या कडेवरचे 3 घन बिनरंगी होतात. हे झाले 21.

राहिले 6, ते कोपरे. तीनही पृष्ठं निळी असलेले कोपरे 2, तळ-मागे-डावा आणि तळ-मागे-उजवा. हे तुम्ही बरोबर धरलेत. वर-पुढे या कोऱ्या कडेच्या दोन टोकांचे कोपरे घ्या. त्यांना फक्त डावीकडून किंवा उजवीकडून रंग मिळतो, म्हणजे एकच पृष्ठ. असे 2. उरलेल्या 4 कोपऱ्यांना एक कोरं आणि दोन निळी पृष्ठं लागून आहेत, म्हणून त्यांच्या दोन पृष्ठांना रंग आहे. हेच 4 अनघाताईंच्या 15 मध्ये नव्हते.

म्हणून:

तीन पृष्ठं: 2
दोन पृष्ठं: 15 + 4 = 19
एक पृष्ठ: 36 + 18 + 2 = 56
रंग नाही: 27 + 18 + 3 = 48

बेरीज 125. सूचीतलं 19 बरोबर आहे.

अनघा_प

आता लक्षात आलं. कोपऱ्यावरच्या घनाला तीन पृष्ठांचा रंग असायलाच हवा असं डोक्यात पक्कं बसलेलं, म्हणून कोपरे सरसकट सोडून दिले.

पण रेघ_मारा सर, सहावीतल्या मुलीला 12 कडा आणि 8 कोपऱ्यांची अशी वाटणी कागदावर करायला जड जातं. चित्रात मागच्या तीन कडा दिसत नाहीत, तिथे तिचा घोळ होतो. याहून सोपी वाट आहे का?

रेघ_मारा

आहे, आणि तिला चित्र लागत नाही. घनाकडे थर म्हणून बघायचं.

डावी-उजवी या दिशेने ठोकळ्याचे 5 उभे थर पडतात. डावं पृष्ठ निळं असल्यामुळे डावीकडचा शेवटचा थर रंगाचा, तसाच उजवीकडचाही. मधले 3 थर कोरे. म्हणजे या दिशेला रंगाचे 2, कोरे 3.

पुढे-मागे या दिशेला फक्त मागचं पृष्ठ निळं आहे. रंगाचा 1, कोरे 4.

वर-खाली या दिशेला फक्त तळ निळा. रंगाचा 1, कोरे 4.

प्रत्येक छोटा घन प्रत्येक दिशेच्या एका थरात बसतो. त्याचे तीन थर बघायचे. त्यातले जितके रंगाचे, तितक्या पृष्ठांना रंग. पुढे नुसता गुणाकार:

तिन्ही थर कोरे: 3 × 4 × 4 = 48
तिन्ही थर रंगाचे: 2 × 1 × 1 = 2
दोन रंगाचे, एक कोरा: 2×1×4 + 2×4×1 + 3×1×1 = 8 + 8 + 3 = 19
एक रंगाचा, दोन कोरे: 2×4×4 + 3×1×4 + 3×4×1 = 32 + 12 + 12 = 56

कोपरा कुठला, कडा कुठली, हा विचारच करावा लागत नाही. वर ज्या 4 कोपऱ्यांनी गोंधळ केला ते इथे आपोआप 19 मध्ये येऊन बसतात.

आता हीच कोरी पृष्ठं लगतची न ठेवता समोरासमोरची करा, वरचं आणि खालचं. मग वर-खाली दिशेला रंगाचे 0, कोरे 5, आणि उरलेल्या दोन्ही दिशांना 2 आणि 3. बिनरंगी 3×3×5 = 45, एका पृष्ठाचे 2×3×5 + 3×2×5 = 60, दोन पृष्ठांचे 2×2×5 = 20, तीनचा एकही नाही. रंग तेवढाच लागला, चार पृष्ठंच, तरी 19 चे 20 झाले आणि 48 चे 45. म्हणून प्रश्नात "लगतची" आणि "समोरासमोरची" या शब्दांखाली आधी रेघ मारायची.

ताळा दोन तऱ्हेने घ्यायला शिकवा. एक, सगळ्या गटांची बेरीज 125. दुसरा रंगाचा. चार पृष्ठं निळी, प्रत्येकावर 25 चौकोन, म्हणजे एकूण 100 निळे चौकोन कुठे ना कुठे असलेच पाहिजेत. 56 × 1 + 19 × 2 + 2 × 3 = 56 + 38 + 6 = 100. जुळलं. पहिला ताळा जुळूनही दुसरा फसतो तेव्हा बहुधा काही घन शेजारच्या गटात चुकून गेलेले असतात.

झटपट_गणित

मान्य, माझे 27 हरवले होते. पण पूर्ण रंगवलेल्या घनाला सूत्रंच बरी. थरांनी तेच येतं ना?

रेघ_मारा

तेच येतं. तिन्ही दिशांना रंगाचे 2 आणि कोरे n−2. तिन्ही कोरे धरले की (n−2)³. दोन कोरे, एक रंगाचा असं धरलं तर 2 × (n−2)², आणि रंगाची दिशा तीन तऱ्हेने निवडता येते, म्हणून 6(n−2)². दोन रंगाचे, एक कोरा असेल तर 2 × 2 × (n−2) च्या तिप्पट, 12(n−2). तिन्ही रंगाचे 2 × 2 × 2 = 8. सूत्रं पाठ करायला हरकत नाही. पृष्ठं कोरी राहिली की मात्र त्यातून वजाबाकी करत बसू नये, थरांपासून सुरुवात करावी.

शिकवणी_मॅडम

या सूत्रांबद्दल एक सांगायचं आहे. बहुतेक सराव संचांत पहिलं उदाहरण 4 च्या घनाचं, 64 तुकड्यांचं असतं. n = 4 ला उत्तरं येतात 8, 24, 24, 8. दोन पृष्ठांचे 24, एका पृष्ठाचे 24. तीन पृष्ठांचे 8, बिनरंगी 8. मुलाने 12(n−2) आणि 6(n−2)² यांची अदलाबदल करून पाठ केलं असेल तर 4 च्या घनावर ते कधीच उघडं पडत नाही. उत्तर बरोबर, खूण बरोबर, आणि मूल चुकीची जोडी घेऊन पुढे जातं. मग 6 चा घन आला की एका पृष्ठाचे 48 आणि दोनचे 96 असं उलटं लिहून येतं.

म्हणून सुरुवात 5 च्या घनाने करावी. 8, 36, 54, 27, चारही आकडे वेगळे, चूक लगेच दिसते. 3 चा घनही चांगला, 8, 12, 6, 1, आणि तो हातात धरून मोजता येतो. 4 चा नंतर घ्यावा.

दुसरी नेहमीची चूक काप आणि तुकडे यांची. "प्रत्येक दिशेने 4 काप दिले" म्हटलं की मुलं n = 4 धरतात. 4 कापांचे 5 तुकडे होतात. "एकूण 12 काप" असेल तर तिन्ही दिशांत 4-4-4 वाटून n = 5. प्रश्नात सेमी दिले आहेत की काप, हे आधी बघायला लावते.

लाकूडकाम_कोल्हापूर

शाळांसाठी लाकडी संच करतो, म्हणून विचारतो. 20 सेमीच्या ठोकळ्यातून 4 सेमीचे 125 घन निघणारच नाहीत, प्रश्नच चुकीचा आहे. करवतीची पाती साधारण 3 मिमी लाकूड खाते. एका दिशेला 4 काप, म्हणजे 12 मिमीचा भुसा. 200 मधून 188 उरले, भागिले 5, 37.6 मिमी. 4 सेमी कुठून आणणार?

शिकवणी_मॅडम

दादा, परीक्षेतला घन कागदावरचा असतो, त्यात पातीची जाडी शून्य धरतात. पण तुम्ही शाळांसाठी संच करता म्हणून विचारते, तुकडे सारखे येतात का? वर्गात मुलं ते सुटे करून पुन्हा रचायला बघतात, आणि कधी कधी रचलेला ठोकळा नीट बसत नाही.

लाकूडकाम_कोल्हापूर

न बसण्याचं कारण खुणा करण्याच्या पद्धतीत असतं. 40, 80, 120, 160 वर रेघा मारल्या आणि पाती रेघेच्या मध्यावर चालवली, तर प्रत्येक रेघेच्या दोन्ही अंगांनी दीड-दीड मिमी जातं. टोकाच्या तुकड्याचं एकच अंग कापलं जातं, म्हणून तो 38.5 राहतो. मधल्या तिन्ही तुकड्यांची दोन्ही अंगं कापली जातात, ते 37 होतात. तिन्ही दिशांना असंच झालं की कोपऱ्यावरचे घन सगळीकडून 38.5, गाभ्यातले सगळीकडून 37, आणि कडेवरचे दोन मापं 38.5 व एक 37, म्हणजे ते घनच राहिले नाहीत. मूळ जागी ठेवले तर जुळतात, पण मुलांनी आडवे-उभे फिरवले की दीड मिमीची फट पडते.

म्हणून रेघा मारायच्या नाहीत. मशीनच्या पट्टीला 37.6 चा अडसर लावायचा आणि प्रत्येक तुकडा त्याच अडसराला टेकवून कापायचा. आधी 5 फळ्या, मग फळ्यांच्या 25 पट्ट्या, मग पट्ट्यांचे 125 घन. अडसर एकदा लावला की शेवटपर्यंत हलवायचा नाही. शेवटचे तुकडे लहान असतात, ते हाताने ढकलायचे नाहीत, लाकडी ढकलणीने ढकलायचे.

आणि रंग आधी देऊन मग कापलं तर पाती जिथून बाहेर पडते तिथे रंगाचा पापुद्रा उडतो. तिथे कागदी चिकटपट्टी लावून कापलं की कमी उडतो.

रेघ_मारा

दादा, शाळेच्या संचासाठी उलटं केलं तर? आधी कापायचं आणि मग रंगवायचं. या धाग्यातलाच हिशोब कामाला येईल. अनघाताईंच्या घनासाठी 48 घनांना हातच लावायचा नाही, 56 घनांचं एकेक पृष्ठ रंगवायचं, 19 घनांची लगतची दोन-दोन, आणि 2 घनांची कोपऱ्याशी मिळणारी तीन. पापुद्रा उडण्याचा प्रश्नच राहत नाही.

त्यात एक सांभाळायचं. दोन पृष्ठं रंगवताना ती लगतचीच हवीत. समोरासमोरची दोन रंगवली तर तो घन या ठोकळ्यात कुठेच बसणार नाही.

लाकूडकाम_कोल्हापूर

हे करण्यासारखं आहे. 125 रचून, दोरीने आवळून एकदम रंगवण्याचाही विचार होता, पण फटींतून रंग आत झिरपतो आणि कोऱ्या पृष्ठांवर रेघा येतात. एकेक रंगवणंच बरं.

कोड_कुळकर्णी

थरांची पद्धत ज्यांना पटत नसेल त्यांनी सगळे 125 घन मोजूनच बघावेत. पायथनमध्ये एवढंच लागतं:

```python
from collections import Counter
n = 5
g = Counter()
for x in range(n):
    for y in range(n):
        for z in range(n):
            g[(x==0) + (x==n-1) + (y==n-1) + (z==0)] += 1
print(sorted(g.items()))
```

उत्तर छापून येतं `[(0, 48), (1, 56), (2, 19), (3, 2)]`. चौकोनी कंसातल्या चार अटी म्हणजे डावं, उजवं, मागचं आणि तळ ही चार निळी पृष्ठं. दुसरा प्रश्न आला की तेवढी ओळ बदलायची. कोरी पृष्ठं समोरासमोरची हवी असतील तर `(z==0)` च्या जागी `(y==0)` लिहा, 45, 60, 20 येतात.

पोलीस_भरती_नाशिक

माझाही असाच प्रश्न अडलाय. घनाला तीन रंग आहेत, प्रत्येक रंग दोन पृष्ठांना. n = 5. "फक्त लाल आणि निळा रंग असलेले घन किती?" मी लाल-निळ्या कडा 4 धरल्या, 4 × 3 = 12. पर्यायांत 12 पण आहे आणि 11 पण. सूचीत 11.

झटपट_गणित

भाऊ, समोरासमोर एकच रंग असेल तर 12 बरोबर. प्रश्नात "लगतच्या पृष्ठांना समान रंग" असं आहे का?

पोलीस_भरती_नाशिक

हो, आहे. ते वाचलंच नव्हतं नीट.

झटपट_गणित

मग बघा. वर आणि पुढे लाल, मागे आणि डावीकडे निळा, उजवीकडे आणि तळाला हिरवा धरा. लाल-निळ्याच्या कडा तीनच मिळतात: वर-मागे, वर-डावी, पुढे-डावी. 3 × 3 = 9. उत्तर 9 यायला हवं, 11 कसं ते मलाही कळत नाही.

रेघ_मारा

कडांचे 9 बरोबर. राहिलेले 2 कोपऱ्यांचे आहेत. प्रश्न "दोन पृष्ठं" विचारत नाही, "दोन रंग" विचारतो. वर-पुढे-डावा कोपरा बघा: लाल, लाल, निळा. पृष्ठं तीन, रंग दोनच. वर-मागे-डावा: लाल, निळा, निळा. त्यातही हिरवा नाही. म्हणून 9 + 2 = 11.

समोरासमोर एकच रंग असता तर प्रत्येक कोपऱ्यावर तिन्ही रंग आले असते, तिथे हा फरक पडत नाही आणि 12 येतं. लगतच्या जोड्या लावल्या की तिन्ही रंग असलेले कोपरे फक्त 2 उरतात. तुमच्या मांडणीत ते वर-मागे-उजवा आणि तळ-पुढे-डावा. लगतच्या जोड्या कशाही फिरवून लावल्या तरी ते 2 च येतात, आणि ते एकमेकांच्या थेट समोरचे कोपरे असतात.

थरांचा गुणाकार इथे सरळ चालत नाही, कारण त्याला पृष्ठांची संख्या कळते, रंग कळत नाही. रंगांच्या प्रश्नाला 12 कडा आणि 8 कोपरे लिहूनच काढावे लागतात.

शिकवणी_मॅडम

त्यासाठी मुलांना कागदाच्या पेटीची घडी उघडून दाखवते. सहा चौकोन, प्रत्येकावर रंगाचं आद्याक्षर. मग वरच्या पृष्ठाच्या चार कडा, तळाच्या चार, आणि उभ्या चार, याच क्रमाने लिहायच्या. क्रम ठरलेला असला की मागच्या कडा सुटत नाहीत.

"फक्त" आणि "किमान" हेही बघायला हवं. अनघाताईंच्या प्रश्नात "किमान दोन पृष्ठांना" असतं तर 19 + 2 = 21 झालं असतं. आणि "फक्त" हा शब्दच नसेल, नुसतं "दोन पृष्ठांना रंग असलेले" एवढंच असेल, तर रूढी "फक्त" धरायची आहे.

अनघा_प

रूढी म्हणालात म्हणून विचारते. त्याच संचात पुढचा प्रश्न आहे: "घनाच्या चार पृष्ठांना रंग दिला, 125 समान घन कापले, फक्त दोन पृष्ठांना रंग असलेले किती?" लगतची कोरी की समोरासमोरची, काहीच म्हटलेलं नाही. पर्यायांत 19 आणि 20 दोन्ही आहेत. काय धरायचं?

झटपट_गणित

20. वर आणि खाली सोडून चारी बाजू रंगवल्या असंच सहसा अभिप्रेत असतं. खोलीच्या चार भिंती रंगवतो तसं.

शिकवणी_मॅडम

"चारी बाजू" म्हटलं असतं तर तुमचं पटलं असतं. "कोणत्याही चार पृष्ठांना" असा अर्थ घेतला तर 19 पण तितकंच खरं आहे. चार पृष्ठं निवडण्याच्या 15 तऱ्हा आहेत, त्यातल्या 12 मध्ये कोरी दोन लगतची येतात आणि 3 मध्येच समोरासमोरची.

पोलीस_भरती_नाशिक

खऱ्या परीक्षेत असं आलं तर पहिल्या उत्तरतालिकेवर हरकत घेता येते ना? एमपीएससीत घेतात तशी.

रेघ_मारा

घेता येते, पण नुसतं "प्रश्न संदिग्ध आहे" लिहून भागत नाही. दोन्ही मांडण्या पूर्ण सोडवून द्याव्यात, 45-60-20 आणि 48-56-19-2, दोन्हींची बेरीज 125 आणि रंगाचे चौकोन 100 दाखवून. म्हणजे दोन्ही उत्तरं प्रश्नाच्या शब्दांत बसतात हे तपासणाऱ्याला एका पानात दिसतं. 12 विरुद्ध 3 हा युक्तिवाद मी करणार नाही, मॅडम. जास्त तऱ्हांनी येतं म्हणून एक उत्तर बरोबर ठरत नाही, प्रश्न अपुरा आहे एवढंच ठरतं.

शिकवणी_मॅडम

पटत नाही पूर्ण. परीक्षेच्या खोलीत मुलाला एक पर्याय काळा करायचाच असतो, तिथे हरकत उपयोगाची नाही. मी मुलांना अशा वेळी 20 सांगत नाही. आधी पर्याय बघा, दोन्ही असतील तर प्रश्न पुन्हा वाचा, आकृती असेल तर तिच्यात कोरी पृष्ठं शोधा.

अनघा_प

आकृती आहे! घनाचं चित्र, वरचं आणि पुढचं पृष्ठ कोरं, उजवं रेघांनी भरलेलं. आतापर्यंत ती मागच्या प्रश्नाची समजत होते, दोन्हींच्या मधे छापली आहे.

रेघ_मारा

मग ती या प्रश्नाची असेल तर 19, आणि मागच्याचीच असेल तर प्रश्न तसाच अडलेला राहतो. मागच्या प्रश्नात "आकृतीत दाखवल्याप्रमाणे" असे शब्द आहेत का ते बघा.

अनघा_प

दोन्हीत नाहीत.

कोड_कुळकर्णी

यावरून आठवलं, थरांच्या पद्धतीची एक मर्यादा सांगायला हवी. एका दिशेला एकच थर असेल तर तो एकटा थर दोन्ही अंगांनी रंगतो. 5 × 4 × 1 ची पूर्ण रंगवलेली पाटी घ्या. n−2 धरलं तर त्या दिशेला कोरे थर उणे 1 येतात आणि सगळा हिशोब बिघडतो. तिथे त्या थराच्या 2 पृष्ठांना रंग आधीच लागलेला धरायचा आणि उरलेल्या दोन दिशा मोजायच्या: कोरे 3 × 2 = 6, त्या घनांच्या एकूण 2 पृष्ठांना रंग; 2×2 + 3×2 = 10, त्यांच्या 3 पृष्ठांना; 2 × 2 = 4, त्यांच्या 4 पृष्ठांना. एकूण 20. वरचा कोड असल्या पाटीलाही चालतो, फक्त तीन दिशांना तीन वेगळे आकडे द्यायचे आणि सहाही पृष्ठांच्या अटी लिहायच्या.

पोलीस_भरती_नाशिक

हा पाटीचा प्रश्न माझ्या संचात आहे, आणि पर्यायांत "चार पृष्ठं" बघून मी तो चुकीचा छापला असं समजून सोडला होता. 5 × 4 × 2 असेल तर?

कोड_कुळकर्णी

तिथे नेहमीचीच पद्धत. त्या दिशेला दोन थर, दोन्ही रंगाचे, कोरे 0. म्हणून बिनरंगी एकही नाही. एका पृष्ठाचे 3×2×2 = 12, दोनचे 2×2×2 + 3×2×2 = 20, तीनचे 8. बेरीज 40. रंगाचे चौकोन मोजून बघा, पृष्ठं 20, 20, 10, 10, 8, 8, म्हणजे 76. आणि 12 + 40 + 24 = 76.